कोरिऑलिस मीटरचा झिरो करण्यापूर्वी

मागच्या वेळी कॉस्टिक लायच्या डोसिंग लाइनवरील मीटरचा झिरो मी केला, तेव्हा डिस्प्लेवर ०.० दिसत होते आणि तेवढ्यावर विसंबून मी कमांड दिली. प्रत्यक्षात त्या क्षणी कंट्रोल व्हॉल्व्ह पासिंग होता आणि तासाला १८ किलो लाय वाहत होती. ती दिसली नाही, कारण लो फ्लो कटऑफ २५ किलोवर ठेवलेला होता आणि त्याखालचे सारे ट्रान्समीटर शून्य म्हणूनच दाखवतो. म्हणून कटऑफची जुनी किंमत लिहून घ्यावी, कटऑफ शून्यावर आणावा आणि मगच प्रवाह थांबला की नाही ते पाहावे. प्रवाहाची दिशा फक्त पुढची अशी सेटिंग असेल, तर तीही तेवढ्यापुरती दोन्ही दिशांची करावी, नाहीतर उणे आकडा शून्याच्या वेषात समोर येतो.

परमिट, लूप मॅन्युअलवर घेणे, ऑपरेटरला कळवणे हे सांगण्याची गरज नसावी. ट्रान्समीटरला वीज देऊन अर्धा तास झालेला असावा आणि मीटरमधून नेहमीच्या तापमानाची लाय नळ्यांचे तापमान स्थिर होईपर्यंत वाहू द्यावी. नळ्या पूर्ण भरलेल्या आहेत, हे घनतेवरून ओळखावे: ४८ टक्के लायची घनता १.५० च्या आसपास स्थिर दिसली पाहिजे. ती खाली-वर होत असेल आणि ड्राइव्ह गेन चढलेला असेल, तर आत हवेचे बुडबुडे आहेत. ते निघून जाईपर्यंत पुढे जाऊ नये.

आता व्हॉल्व्ह. कंट्रोल व्हॉल्व्ह हा बंद करण्यासाठी नसतो, प्रवाह आवरण्यासाठी असतो, त्यामुळे तो मिटला म्हणजे लाइन बंद झाली असे धरू नये. आधी मीटरच्या पुढचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करावा, म्हणजे नळ्या दाबाखाली भरलेल्या राहतात, आणि मग मागचा. दोन्ही बंद असताना लाइन उन्हात तापू देऊ नये, अडकलेल्या द्रवाचा दाब झपाट्याने वाढतो.

कटऑफ शून्यावर आहे ना? पुन्हा पाहावे. आता दिसणारा छोटा आकडा गळतीचा आहे की मीटरच्या झिरोचाच, हे ठरवायचे आहे आणि त्यासाठी मागचा पंप चालू-बंद करून पाहणे पुरते. पंपाबरोबर आकडा हलला, तर कुठलातरी व्हॉल्व्ह पासिंग आहे आणि झिरो करण्याचा प्रश्नच उरत नाही; पंप कसाही असला तरी आकडा तिथेच राहिला, तर तो मीटरचा ऑफसेट आहे. मी ही पाच मिनिटे वाचवली. ते १८ किलो मीटरने शून्य मानले आणि त्यानंतरचे प्रत्येक वाचन १८ किलोंनी कमी येऊ लागले. तासाला १,२०० किलोंवर ही चूक दीड टक्का, पण शेवटच्या संथ टप्प्यात, ३०० किलोंवर, तीच चूक सहा टक्के होते. दोन तासांच्या बॅचमध्ये ३६ किलो लाय जास्त गेली, पीएच चढा येत राहिला आणि आम्ही पीएचच्या प्रोबला दोष देत बसलो. लाइन खरोखर बंद असे तेव्हा मीटर उणे १८ मोजत होता, पण कटऑफने तेही झाकले. टाकीची पातळी आणि टोटलायझर यांचा मेळ घातला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

ऑफसेट मीटरच्या पुस्तिकेतील झिरो स्टॅबिलिटीच्या आत असेल, तर झिरो करूच नये. बाहेर असेल, तर जुना झिरो नोंदवून करावा, पण त्याआधी तो का सरकला ते शोधावे. गॅस्केट बदलल्यावर एकदम उडी मारली असेल, तर फ्लँज ओढून बसवल्याचा ताण नळ्यांवर येत असतो. पाइपचा आधार सुधारावा. महिनोन्महिने हळूहळू सरकत असेल आणि घनताही सोबत वाढत असेल, तर नळ्यांत थर धरला असण्याची शक्यता मोठी, आणि तो धुतल्याशिवाय केलेला झिरो थर सुटताच चुकतो. आकडा संथ लयीत वर-खाली होत असेल, तर त्याच पाइपवरच्या जवळच्या तशाच मीटरचे कंपन तपासावे. नळी झिजली असेल तर मीटरची मोजपट्टीच बदललेली असते, तिथे झिरोचा उपयोग नाही.

झिरो लागोपाठ तीनदा करावा. तिन्ही किमती जुळल्या नाहीत, तर काहीतरी वाहते आहे किंवा हलते आहे. तारीख, तापमान, घनता आणि दोन्ही झिरो लिहावेत. व्हॉल्व्ह हळू उघडावेत, प्रवाहाची दिशा पूर्ववत करावी आणि कटऑफ जागेवर ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तो पुन्हा शून्यावर आणायचा आहे.