परदेशातला टीव्ही सोलापुरात लावताना या चुका टाळा

पिन बदलली की वीज बदलते, हा समज आधी डोक्यातून काढा. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात मला सगळ्यात जास्त चीड याच चुकीची येते, कारण ती टाळायला फक्त टीव्हीच्या पाठीमागचं लेबल वाचावं लागतं.

जुळे सोलापुरातल्या एका काकांच्या मुलाने अमेरिकेहून परतताना घरातल्या सामानासोबत ५५ इंची टीव्ही आणला. काकांनी बाजारातून चपट्या पिनेचा अडॅप्टर आणला, टीव्ही भिंतीवर चढवला, बटण दाबलं. आतून फट्ट असा आवाज आला, जळका वास सुटला. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "पिन तर बरोबर बसली होती की ओ!"

पिन बसणारच. आपल्याकडच्या बऱ्याच एक्स्टेन्शन बोर्डांत तर अमेरिकन पिन अडॅप्टरशिवायही बसते. पण तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून चालतं. या टीव्हीवर ११० ते १२० एवढंच लिहिलं होतं. पाठ उघडली तर सप्लाय बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीवर, २०० व्होल्टची मर्यादा छापलेली. १२० व्होल्टची एसी वीज डीसी झाल्यावर १७० च्या आसपास भरते, म्हणजे तो कपॅसिटर तिकडे सुखात असतो. आपल्या २३० ची ३२५ होते. तिथे तो टिकणार कसा?

काकांचं नशीब चांगलं होतं. वीज आत शिरते तिथेच व्हॅरिस्टर नावाची गोल चकती असते. व्होल्टेज जास्त आलं की ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते, आणि मागचा माल बऱ्याचदा वाचतो. मी चकती, फ्यूज आणि फुगलेला कपॅसिटर बदलला, टीव्ही सुरू झाला. 'स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या', म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारा, असं कागदावर लिहून दिलं.

पंधरा दिवसांनी टीव्ही परत आला. या वेळी बोर्ड काळा पडला होता. ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग वाटला म्हणून कोणीतरी त्यांना मुठीएवढा ट्रॅव्हल कन्व्हर्टर दिला होता, त्यावर १६०० वॅट असं ठळक छापलेलं. ही वस्तू केस वाळवायच्या मशीनसाठी आणि इस्त्रीसाठी असते. ती व्होल्टेज उतरवत नाही, लहरीचे तुकडे पाडते. सरासरी कमी होते, पण टोक ३२५ पर्यंत जाऊ शकतं. तापणाऱ्या तारेला त्याचं काही वाटत नाही, टीव्हीचा सप्लाय मात्र त्यात मरतो. नवा बोर्ड मिळवायला काकांना दोन महिने थांबावं लागलं. ट्रान्सफॉर्मर घ्यायला अर्धा दिवस गेला असता.

तेव्हा ट्रान्सफॉर्मर कसा घ्यायचा ते नीट सांगतो. लेबलवरच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमता घ्या. काकांच्या टीव्हीवर १५० वॅट होतं, मी त्यांना ५०० व्हीएचा घ्यायला लावला, म्हणजे तो गरम होत नाही. दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा मागा. एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यातली सामाईक बाजूची तार तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट टीव्हीवर येऊ शकतात. आउटपुट १२० ऐवजी ११० चं घ्या. रात्री लाइन चढून २५० झाली तर ११० चा ट्रान्सफॉर्मर साधारण १२० देतो, १२० चा मात्र १३० वर जातो. उन्हाळ्यात लाइन १८० वर उतरली तर तोच ११० वाला ८६ च देईल आणि टीव्ही बंद पडेल. जिथे लाइन अशी खालीवर होते तिथे आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर, मग टीव्ही, हा क्रम ठेवा. माझी एक सवय आहे. अमेरिकन पिनेला लाल टेप गुंडाळून ती प्लास्टिकच्या पट्टीने ट्रान्सफॉर्मरलाच बांधून टाकतो, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत कोणी ती थेट भिंतीत खुपसणार नाही.

दुबईचा टीव्ही असेल तर विजेची ही भानगड नाही. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे. चौकोनी पिना बदला, झालं.

दुसरी चूक सिग्नलची. वीज जमली की लोक काम संपलं असं समजतात. काकांनी सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडला तर पडद्यावर फक्त 'हा सिग्नल चालत नाही' अशा अर्थाचा संदेश. बॉक्स बिघडला म्हणून त्यांनी केबलवाल्याशी भांडणही केलं. त्याचा काही दोष नव्हता. आपल्याकडचे बॉक्स सेकंदाला ५० चित्रांच्या हिशोबाने सिग्नल देतात, अमेरिकेचा हिशोब ६० चा. नवे बरेच टीव्ही दोन्ही घेतात, पण फक्त तिकडच्या बाजारासाठी बनलेले काही नाही घेत. टीव्ही खोक्यात भरण्याआधी तिथेच लॅपटॉप जोडा, रिफ्रेश रेट ५० करा आणि चित्र येतंय का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. चित्र नाही आलं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ६० चा पर्याय शोधावा लागतो, आणि तो प्रत्येक बॉक्सात नसतो. फ्री डिशचा जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडला आणि चित्र काळंपांढरं आलं किंवा वरखाली पळालं, तर ते आपली पाल आणि त्यांची एनटीएससी या दोन रंगीत चित्राच्या पद्धतींचं न जमणं आहे. अँटेनाचं म्हणाल तर अमेरिकन ट्यूनर तिकडच्या एटीएससी या प्रसारण पद्धतीचा, तो इथे कामाचा नाही.

ॲपसाठी टीव्हीशी झटत बसू नका. ॲपचं दुकान टीव्हीच्या देशाप्रमाणे उघडतं, म्हणून त्यात जिओहॉटस्टार दिसत नाही. काही टीव्हींत फॅक्टरी रीसेट करून देश बदलता येतो, काहींत नाही. व्हीपीएनचे उपाय सांगणारी मुलं येतात, पण त्याने घरातल्या आजीला रोज मालिका लावता येत नाही. भारतात घेतलेली स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावा आणि तिला टीव्हीच्या यूएसबीऐवजी वेगळा चार्जर द्या. घरचं वायफाय यादीतच दिसत नसेल तर राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेलाय का बघा. अमेरिकन टीव्हीला ११ पर्यंतचीच दिसतात.

वॉरंटी कंपनीच्या नावावर चालत नाही, देशावर चालते. सॅमसंगचा अमेरिकन एलईडी टीव्ही यूएन अक्षरांनी सुरू होतो, आपल्याकडचा यूए ने. घेण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर इथल्या सर्व्हिस सेंटरला सांगा आणि दोन गोष्टी विचारा: वॉरंटी धराल का, आणि पैसे देऊन का होईना, पॅनेल मिळेल का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आलं तर मी तो टीव्ही आणू नका म्हणतो, कारण टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग पॅनेलचाच असतो.

काकांच्या टीव्हीची पुढे बॅकलाइट गेली. आवाज होता, पडदा अंधारा. पडद्यावर टॉर्च तिरपी धरली की चित्राची सावली दिसायची, म्हणजे पॅनेल शाबूत होतं. त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पॅनेल नंबर घेऊन मी एलईडी पट्ट्या जुळवल्या आणि टीव्ही पुन्हा लागला. त्या दिवशी पॅनेल गेलं असतं तर मला त्यांना तो भंगारात द्यायला सांगावं लागलं असतं.