स्तंभालेखाचा फोटो पाहून मजकूर उतरवताय? या चुका टाळा

खानापूरकडच्या एका गावातल्या दूध सोसायटीचे सचिव मागच्या पावसाळ्यात आमच्या डीटीपीच्या दुकानात आले. सोसायटीच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर चार महिन्यांच्या दूध संकलनाचा स्तंभालेख होता आणि त्याचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये. फ्लेक्स कानडीत. सभेच्या मराठी अहवालात त्यांना तोच आलेख मजकूर म्हणून हवा होता, म्हणजे नावं, आकडे, काय कशाचं आहे ते. अर्ध्या तासाचं काम समजून मी बसलो आणि दुसऱ्या दिवशी सचिव परत आले. "आकडे बघा की वो दादा, आमच्याकडं गाईचं दूध म्हशीपेक्षा कधी जास्त झालं?"

चूक माझीच होती, आणि एक नव्हती, चार होत्या. त्याच फोटोच्या आधारानं सांगतो.

पहिली चूक रंगसूचीची. फ्लेक्सच्या उजव्या बाजूला दोन छोटे चौकोन होते, वर "एम्मे" आणि खाली "आकळु". आपल्या भागात कानडीत म्हशीला एम्मे आणि गाईला आकळु म्हणतात, तेवढं मला येतं. पण मी केलं काय, तर सूचीत पहिलं नाव म्हशीचं म्हणून प्रत्येक महिन्यातला डावीकडचा स्तंभ म्हशीचा धरला. प्रत्यक्षात डावा स्तंभ गाईचा होता. सूचीतला क्रम आणि स्तंभांचा क्रम एकच असेल असं धरून चालायचंच नाही. एक्सेलमध्ये आडवे स्तंभ काढले की पहिली ओळ सगळ्यात खाली येते, त्यामुळं तिथं तर हा घोळ नेहमीचाच. रंग रंगाशीच जुळवावा लागतो.

त्यातही रंग फसवतो. फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता, त्यामुळं फिकट निळा आणि फिकट हिरवा जवळजवळ सारखे दिसत होते. अशा वेळी फोटो मोठा करून सूचीतला चौकोन आणि स्तंभ यांचे छोटे तुकडे कापावेत आणि शेजारी शेजारी ठेवून बघावेत. डोळ्याला लांबून जो फरक कळत नाही तो असा लगेच कळतो. फोटोची काळी-पांढरी झेरॉक्सच हातात आली असेल तर मात्र रंग जुळवायचा हट्ट सोडा. मूळ फोटो मागून घ्या, नाहीतर ज्याला त्या धंद्यातलं कळतं त्याला एक प्रश्न विचारा. सचिवांना फक्त "म्हशीचं जास्त की गाईचं?" एवढं विचारलं असतं तर माझा दुसरा दिवस वाचला असता.

दुसरी चूक उभ्या अक्षाच्या नावाची. ते नाव आडवं वळवून, खालून वर असं लिहिलेलं असतं. मान वाकडी करून वाचायचा कंटाळा येतो, म्हणून लोक थेट 10, 20, 30 या आकड्यांकडे जातात. मीही गेलो. मजकुरात लिहिलं, "जून, 25 लिटर". अख्ख्या सोसायटीचं महिन्याचं दूध 25 लिटर! अक्षावर खरं तर होतं "प्रमाण (साविर लीटरगळल्लि)", म्हणजे आकडे हजार लिटरमधले. साविर म्हणजे हजार. हा एक शब्द सुटला की सगळा आलेख हजारपटीनं खोटा होतो, आणि गंमत अशी की आकडे एकमेकांशी जुळलेलेच राहतात, त्यामुळं बघून शंका येत नाही.

इथंच आपल्या सीमाभागाची आणखी एक मेख आहे. मराठी शाळेत शिकलेल्याला आलेखाजवळ "प्रमाण" दिसलं की "1 सेमी = 10 एकक" असलं काहीतरी आठवतं. या फ्लेक्सवर प्रमाण म्हणजे नुसतं किती ते, म्हणजे दुधाचं परिमाण. शब्द तोच, लिपी बदलून तसाच्या तसा उतरवला की मराठी वाचणारा सेंटीमीटर शोधत बसतो. मी शेवटी "दूध संकलन (हजार लिटरमध्ये)" असं लिहिलं.

संगणकाकडून अक्षरं वाचून घेणार असाल तर हे आडवं नाव हमखास बिघडतं. फोटोतून तेवढाच भाग कापून, घड्याळाच्या दिशेनं 90 अंश फिरवून वेगळा वाचवा. बाकीच्या आलेखासाठी टेसेरॅक्ट या अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कानडी, मराठी आणि इंग्रजी या तीनही भाषा सांगाव्या लागतात, आणि अक्षरं विखुरलेली आहेत हेही सांगावं लागतं:

```
tesseract aalekh.jpg aalekh -l kan+mar+eng --psm 11
```

शेवटचा `--psm 11` नसेल तर तो सगळं पानासारखं ओळीनं वाचायला जातो. मग अक्षावरचा 20 आणि त्याच उंचीवरच्या स्तंभाजवळचा आकडा एका ओळीत चिकटून येतात. पण 11 दिल्यावरही अक्षावरचे आकडे आणि स्तंभांवरचे आकडे एकाच ढिगात मिळतात. कुठला कशाचा हे माणसानंच फोटो बघून ठरवायचं. लहान आलेख असेल तर मी सरळ हातानंच टाईप करतो, तेच लवकर होतं.

तिसरी चूक आकड्यांची. एप्रिलच्या गाईच्या स्तंभावर मी 95 वाचलं होतं. म्हशीच्या 22 च्या चौपट! फ्लेक्सच्या सुरकुतीत दशांश चिन्ह गेलं होतं, मूळ आकडा 9.5. हे पकडायला फार काही लागत नाही. स्तंभाची उंची 10 च्या रेषेच्या किंचित खाली होती, मग आकडा 95 असूच शकत नाही. लिहिलेला प्रत्येक आकडा स्तंभाच्या उंचीशी एकदा ताडून बघायचा, एवढीच सवय. दोन्ही जुळत नसतील आणि आकडा स्वच्छ वाचता येत असेल, तर जे छापलंय तेच उतरवा आणि शेजारी "स्तंभाच्या उंचीशी जुळत नाही" असं लिहा. आपल्या मनानं दुरुस्त करू नका. फ्लेक्स करणाऱ्यानंच चूक केली असेल तर ती अहवाल मागणाऱ्याला कळली पाहिजे.

देवनागरी आकड्यांचे आलेख असतील तर सावधगिरी वेगळी. अंधुक फोटोत मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ४ हा 8 सारखा. कानडी आकड्यांत शून्य म्हणजे पूर्ण गोल आणि एक म्हणजे खालून उघडा गोल, म्हणून फोटो हलला की एकाचं शून्य होतं. एका आलेखात आकड्यांची लिपी सहसा एकच असते. अक्षावरचे ठरावीक अंतरानं वाढणारे आकडे आधी वाचून लिपी ओळखायची आणि मगच स्तंभांकडे जायचं.

चौथी चूक मला सगळ्यात महाग पडली, आणि ती अशी की करताना आपण फार काटेकोर काम करतोय असंच वाटत होतं. जूनच्या म्हशीच्या स्तंभावरचा आकडा फ्लॅशच्या चमकेत पूर्ण गेला होता. पहिल्या दिवशी मी 25 लिहिला तो नुसत्या नजरेनं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता नीट मोजूनच काढू. फोटो पेंटमध्ये उघडला. माऊस नेईल तिथली जागा खाली पिक्सेलमध्ये दिसते. ही मोजणी वरून खाली वाढत जाते, त्यामुळं शून्याच्या रेषेचा आकडा सगळ्यात मोठा येतो, त्यानं गोंधळायचं नाही. शून्याची रेषा 900 वर होती, 30 ची रेषा 316 वर आणि स्तंभाचं टोक 389 वर. म्हणजे शून्यापासून तिसापर्यंत 584 पिक्सेल आणि स्तंभ 511 पिक्सेल उंच. 511 भागिले 584 गुणिले 30, उत्तर आलं 26.25. मी खुशाल 26.25 लिहिलं.

फ्लेक्स भिंतीवर उंच लावलेला होता आणि सचिवांनी फोटो खालून काढला होता. त्यामुळं वरचा भाग लांब गेला आणि बारीक झाला. मधल्या रेषा बघितल्या असत्या तर लगेच कळलं असतं: 10 ची रेषा 660 वर, 20 ची 470 वर. म्हणजे पहिल्या दहाला 240 पिक्सेल, दुसऱ्याला 190 आणि तिसऱ्याला फक्त 154. अशा फोटोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच मापानं मोजलं की त्या दोन टोकांच्या मधे संपणारे स्तंभ खऱ्यापेक्षा मोठे निघतात.

उपाय सोपा आहे. टोकाच्या लगतच्या दोन रेषा घ्यायच्या आणि तेवढ्यातच मोजायचं. 20 ची रेषा 470, टोक 389, फरक 81. या पट्ट्याची पूर्ण उंची 154.

```
20 + 10 × (81 / 154) = 25.3
```

पट्ट्याच्या आतही थोडी वाकडी गणती राहतेच, म्हणून 25.3 असं लिहायचं नाही. "अंदाजे 25" लिहायचं. पहिल्या दिवशीच्या नजरेनं दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या मोजमापापेक्षा बरं निघालं, हे मला जरा झोंबलंच. रेषा तिरप्या गेल्या असतील तर त्या अक्षाजवळ नाही, त्या स्तंभाच्या काठाशी मोजा. आणि मोबाईलच्या स्कॅन मोडमध्ये चार कोपरे लावून फोटो सरळ करून घेतला तर रेषांची अंतरं समान होतात आणि ही कटकट बरीच कमी होते. समान झालीत का, ते मोजून बघायचं मात्र विसरू नका.

मोजायच्या आधी अक्ष शून्यापासूनच सुरू होतोय ना, हेही बघा. कित्येक फ्लेक्सवर फरक मोठा दिसावा म्हणून अक्ष 15 वरूनच चालू केलेला असतो. तिथं नुसत्या उंचीवरून "दुप्पट झालं" असं लिहिलंत तर फसलात.

या वेळी नशीब बरं होतं. फ्लेक्सच्या खाली बारीक अक्षरांत चार महिन्यांची एकूण दिली होती, म्हैस 93. बाकीचे तीन महिने 22, 19 आणि 27, म्हणजे 68. त्र्याण्णवातून अडुसष्ट गेले, 25 राहिले. एकूण कुठं दिसली तर ती पहिल्यांदा उतरवून ठेवावी, ती अशी उपयोगी पडते. तरीही हा आकडा स्तंभावर वाचलेला नाही, वजाबाकीनं काढलेला आहे, हे मजकुरात दिसलं पाहिजे. सचिवांना शेवटी दिलेला मजकूर असा:

```
दूध संकलन (हजार लिटरमध्ये), अक्ष 0 ते 30
महिना | गाय | म्हैस
एप्रिल | 9.5 | 22
मे | 8.5 | 19
जून | 11 | 25 (आकडा चमकेत गेलेला; एकूण 93 वरून काढला)
जुलै | (स्तंभ नाही) | 27
```

जुलैच्या गाईच्या जागी मी आधी 0 लिहिला होता. सचिव म्हणाले, "शून्य कसं वो? त्या महिन्याचा हिशोब यायचा होता अजून." तिथं स्तंभ नव्हता आणि आकडाही नव्हता. नसलेला स्तंभ आणि शून्याचा स्तंभ फोटोत अगदी सारखे दिसतात, म्हणून मी आता जे दिसतं तेच लिहितो, "स्तंभ नाही", आणि शून्य म्हणायचं काम ज्याचा हिशोब आहे त्याच्यावर सोडतो.