यात्रेकरूच्या वर्णनातून त्याचं साल काढताय? या चुका टाळा

सेवुल्फ नावाच्या यात्रेकरूने आपल्या जेरुसलेम यात्रेचं छोटंसं लॅटिन वर्णन लिहून ठेवलं. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात. गडी सणवार सांगतो, वार सांगतो, वादळं सांगतो, पण साल सांगत नाही. तरीही तो ११०२ च्या जुलैत इटलीहून निघाला, हे अभ्यासकांनी त्याच्याच मजकुरातून काढलं आहे. असं काम पहिल्यांदा करणारे कुठे घसरतात ते दाखवायला हे वर्णन फार सोयीचं आहे.

सणाची तारीख काढताना एक दिवस चुकणं

सेवुल्फ सांगतो की तो इटलीतल्या मोनोपोली बंदरात जहाजात बसला तो दिवस रविवार होता आणि संत मिल्ड्रेडचा सण होता. मिल्ड्रेड ही इंग्लंडमधल्या केंटची संत. इटलीच्या किनाऱ्यावर उभं राहून तिचा सण आठवणारा माणूस इंग्लंडचाच असणार, हा अंदाज इथेच बांधता येतो.

आता हा सण मध्ययुगीन पंचांगात शोधला तर तो रोमन पद्धतीने सापडतो: जुलैच्या 'आयडस'च्या, म्हणजे महिन्याच्या मध्यावरच्या ठरलेल्या दिवसाच्या, अलीकडचा तिसरा दिवस. जुलैचा आयडस १५ तारखेला. आपण सवयीने पंधरातून तीन वजा करतो आणि १२ जुलै लिहून मोकळे होतो. रोमन लोक मात्र दोन्ही टोकं धरून मोजत: १५, १४, १३. म्हणजे सण १३ जुलैचा.

एका दिवसाने काय बिघडतं? १२ जुलैला रविवार ११०३ मध्ये येतो, ११०२ मध्ये नाही. एवढ्या चुकीने अख्खी यात्रा वर्षभर पुढे सरकते, आणि बाकी वार-तारखांचा मेळ सुरुवातीला इतका बरोबर बसतो की संशयही येत नाही. उघडं पडतं ते शेवटी. सेवुल्फ परतीला निघतो तो पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी. ११०४ मध्ये तो दिवस ५ जूनला येतो. पण जेरुसलेमचा ख्रिश्चन राजा बॉल्डविन याने अक्को शहर ११०४ च्या मे महिन्यातच जिंकलं होतं, आणि सेवुल्फच्या लेखी अक्को अजून मुसलमानांकडेच आहे. गणित फिसकटलं की मागे जाऊन पहिली तारीख तपासायची.

मोबाइलच्या कॅलेंडरवर विसंबणं

बरीच कॅलेंडरं आजचीच ग्रेगोरियन पद्धत मागे मागे ताणत नेतात. सेवुल्फच्या काळात ज्युलियन पद्धत होती. गंमत अशी की १ मार्च ११०० पासून पुढची जवळजवळ दोनशे वर्षं दोन्हींतला फरक बरोबर सात दिवसांचा आहे, त्यामुळे त्या काळात कुठल्याही तारखेचा वार योगायोगाने जुळतो. ११०२ टाकलं की रविवार मिळतो आणि आपण खूश होतो. १०९६ ची तीच तारीख टाकली तर मात्र तिथे फरक सहा दिवसांचा, म्हणून खऱ्या रविवारऐवजी सोमवार दिसतो. एक शक्यता आपल्या नकळत गळून जाते.

त्यापेक्षा ज्युलियन ईस्टरचा तक्ता घ्यावा. ईस्टर नेहमी रविवारीच असतो. ११०२ चा ईस्टर ६ एप्रिलला. तिथून ९८ दिवसांनी, म्हणजे नेमक्या चौदा आठवड्यांनी, १३ जुलै येतो. वार सिद्ध झाला.

पहिलं जुळणारं साल पकडून बसणं

१३ जुलैला रविवार १०९६, ११०२ आणि १११३ या तिन्ही वर्षी येतो. म्हणून आधी सगळी सालं मांडायची, मग राजकीय परिस्थितीने छाटायची. १०९६ मध्ये जेरुसलेम ख्रिश्चनांकडे आलंच नव्हतं. १११३ पर्यंत अक्को पडून नऊ वर्षं झाली होती, आणि ज्या क्रुसेडर सरदार रेमंडच्या ताब्यात सीरियाच्या किनाऱ्यावरचं टोर्टोसा असल्याचं सेवुल्फ सांगतो, तो ११०५ मध्येच वारला होता. उरलं ११०२.

इथेही न थांबता वर्णनातलाच दुसरा, स्वतंत्र धागा शोधावा. सेवुल्फ म्हणतो की पहिलं प्रस्थान 'इजिप्शियन' घटकेला झालं आणि त्याच दिवशी जहाज फुटलं. मग ब्रिंडिसीहून दुसऱ्या जहाजात बसलो तोही 'इजिप्शियन' दिवसच. हे दिवस म्हणजे त्यांच्याकडचा राहुकाळ समजा, फक्त प्रत्येक महिन्यात तारखा ठरलेल्या. जुलैत ते दोन: १३ आणि २२. ब्रिंडिसीहून २२ ला निघालेला माणूस संत जेम्सच्या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ ला, कॉर्फूला पोहोचतो. दोन दिवसांत हे अंतर शिडाच्या जहाजाला सहज जमतं. ज्याला पुष्कळ जण अंधश्रद्धा म्हणून वगळतात, त्याच वाक्याने तारखा पक्क्या केल्या.

मग जाफा, जेरुसलेमला जाणाऱ्यांचं बंदर. तेरा आठवड्यांनी, रविवारी निघालो तसे रविवारीच बंदरात लागलो, असं तो सांगतो. १३ जुलैनंतर ९१ दिवस म्हणजे १२ ऑक्टोबर. दुसऱ्याच दिवशी बंदरात भयंकर वादळ झालं. तीस मोठ्या जहाजांपैकी सातच शाबूत राहिली आणि हजाराहून जास्त माणसं मेली. कुणीतरी सल्ला दिला म्हणून सेवुल्फ आदल्या दिवशीच किनाऱ्यावर उतरला होता. या ९१ दिवसांना एकूण अंतराने भागून 'रोजचा वेग' काढू नये. त्यात जहाजाची मोडतोड आहे, वारा नसताना बेटांवर काढलेले दिवस आहेत, आणि ग्रीसमधल्या कॉरिंथहून थीब्जमार्गे नेग्रोपॉन्टपर्यंतची खुष्कीची वाटही आहे.

नाव आलं की नकाशावर टिंब देणं

अथेन्सचं नाव वर्णनात आहे, तिथल्या मेरीच्या देवळात अखंड जळणाऱ्या दिव्याची गोष्टही आहे. पण सेवुल्फ कॉरिंथपासून ते दोन दिवसांवर असल्याचं नोंदवून पुढे सरकतो. तिथे तो गेलेला दिसत नाही. कसोटी साधी आहे: 'आम्ही आलो' असं क्रियापद, तिथला सण किंवा तारीख, नाहीतर एखादी अडचण. यांतलं काहीच नसेल आणि नुसतं माहात्म्य असेल तर नकाशावर पोकळ वर्तुळ काढा, रेघ तिथून नेऊ नका.

जाफा सोडल्यावर हा प्रश्न जास्तच बिकट होतो. जेरुसलेम, बेथलेहेम, हेब्रॉन, नाझरेथ अशी स्थळं येतात, पण तारखा एकदम बंद. मजकूर तीर्थस्थळांच्या माहितीच्या क्रमाने चालतो, पायांच्या क्रमाने नाही. या भागाला दिवसवार वेळापत्रक जोडणं म्हणजे निव्वळ कल्पना. 'ऑक्टोबर ११०२ ते मे ११०३' एवढाच कंस घालावा. १७ मे ११०३ ला, पेंटेकॉस्टच्या दिवशी, तो जाफाहून पुन्हा जहाजात बसतो, लगेच वार पुन्हा दिसू लागतात: त्याच आठवड्याच्या बुधवारी, म्हणजे २० मेला, अक्कोजवळ शत्रूचं आरमार समोर उभं राहतं.

रेघ घरापर्यंत ओढणं

कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेवर, मार्मारा समुद्राकाठच्या हेराक्लीआच्या आसपास वर्णन तुटतं. रेघही तिथेच तोडावी. माम्सबरीचा विल्यम हा इतिहासकार सेवुल्फ नावाच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो, जो म्हातारपणी माम्सबरीच्या मठात संन्यासी झाला. तोच हा, असं मानून यात्रेला इंग्लंडचा शेवट देण्याचा मोह अनेकांना होतो. नाव सारखं आहे, काळही साधारण तोच, पण यात्रेच्या मजकुरात व्यापाराचा किंवा त्या मठाचा उल्लेख नाही, म्हणून ही नोंद तळटीपेत ठेवावी आणि नकाशावर आणू नये.