घरून कस्टमर केअरचं काम घेताना आधी जीएसटी नंबर मागा

वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगचे मराठी-हिंदी कॉल घरून घ्यायचे, महिना नऊ हजार, असा मेसेज माझ्या वहिनीला आला. कंपनी म्हणे पुण्याची. आम्ही आधी जीएसटी नंबर मागितला.

हा नंबर पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. वहिनीला आलेला नंबर 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. services.gst.gov.in वर लॉगिन न करता Search Taxpayer मध्ये तो टाकला, तर नोंदणी कापडाच्या दुकानाची निघाली. तिथे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख दिसते. Active आहे की Cancelled, तेही पाहायचं.

अर्थात खऱ्या कंपनीचा नंबर चोरूनही देतात. म्हणून नाव जुळलं तरी मेसेजमधल्या फोन नंबरवर विसंबू नका. त्या कंपनीच्या बिलावर किंवा वस्तूच्या खोक्यावर छापलेल्या नंबरवर फोन करून विचारा, "तुम्ही घरून काम करणारी माणसं घेताय का?" अगदी लहान धंद्याला जीएसटी नसूही शकतो; मग दुकानाचा पत्ता घ्या आणि ओळखीच्या कुणाला तरी तिथे डोकावायला सांगा.

ट्रेनिंग किंवा हेडसेटचं डिपॉझिट मागितलं, तर तिथेच थांबा. आणि ग्राहकाला काय बोलायचं तो कागद आधी वाचा. त्यात ओटीपी विचारायला सांगितलं असेल, किंवा तुमच्या नावावर सिम घ्यायला लावत असतील, तर पोलीस तुमच्याच दारात येतील. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.