स्क्वॉट-डेडलिफ्टमध्ये कंबर धरते? वजन उतरवण्याआधी रॉडची उंची मोजा

"सर, कंबर धरली की ओ. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकता येईना." आमच्या जिममध्ये हे वाक्य मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतं. सांगणारा बहुतेक वेळा जिम लावून दीड-दोन महिने झालेला पोरगा असतो. त्याच्या आजूबाजूला तोवर तीन मतं तयार झालेली असतात. घरचे म्हणतात जिम सोड, मित्र म्हणतो बेल्ट घे, आणि शेजारचे काका म्हणतात गादी सरकली असणार. यातल्या कुणीच तो उचलतो कसा हे पाहिलेलं नसतं.

यावेळचा पोरगा २४ वर्षांचा होता. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, दिवसभर गठ्ठे उचलून रचायचे आणि संध्याकाळी सातला जिम. सातव्या आठवड्यात तो डेडलिफ्टला ८० किलो आणि स्क्वॉटला ६० किलोवर पोचला होता. दोन्ही व्यायाम एकाच दिवशी, पाच-पाच रेपचे पाच-पाच सेट. दुखायचं ते पट्टा बांधतो त्या रेषेत, उजवीकडे जरा जास्त. पायात काही उतरत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, खोकल्यावर कळ नव्हती. अशा दुखण्यात बहुतेक वेळा स्नायू आणि सांधे झेपेल त्याहून जास्त ताणले गेलेले असतात आणि काही आठवड्यांत ते निवळतं. त्यासाठी लगेच एमआरआयकडे धावायची गरज नसते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते, त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून घाबरण्यात अर्थ नाही.

पण काही लक्षणांत मात्र जिमवाल्याचं ऐकायचं नाही. कळ गुडघ्याच्या खाली उतरते, पाऊल उचलताना लुळं पडतं, बधिरपणा वाढत जातो, दुखण्याबरोबर ताप येतो किंवा रात्री झोपमोड होते, तर डॉक्टर गाठायचा. जांघेत, बसायच्या जागेवर बधिर वाटलं किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच तासाला हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

पहिली चूक: रॉड जमिनीच्या फार जवळ

त्याचं डेडलिफ्ट बघितल्यावर माझं लक्ष त्याच्या पाठीआधी प्लेटांकडे गेलं. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. डेडलिफ्टचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक या उंचीवरचे. आमच्याकडे २० किलोच्या मोठ्या प्लेटा लेग प्रेसवर अडकलेल्या, म्हणून पोरं १० किलोच्या लोखंडी प्लेटा लावतात. मी टेपने मोजली, ३० सेंटिमीटर भरली. म्हणजे रॉड १५ सेंटिमीटरवर, व्हिडिओतल्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली.

साडेसात सेंटिमीटर म्हणजे जेमतेम चार बोटं. पण ही चार बोटं सगळ्यात खालची असतात. मांडीमागच्या शिरा आखडलेल्या माणसाचं बूड तिथे आणखी मागे जाऊ शकत नाही, मग उरलेलं वाकणं कंबर करते. याच्या बाबतीत तसंच होत होतं. रॉड हातात येईपर्यंत पाठ ठीक, आणि शेवटच्या त्या चार बोटांत कमरेला कुबड. थोडा बाक प्रत्येकाच्या कमरेत येतोच, त्याचा बाऊ करायचं कारण नाही. पण वजन जमिनीवरून सुटताना बाक वाढत गेला, तर नवख्या कमरेला ते सोसत नाही.

उपाय फुकटातला आहे. जमिनीवर रबरी मॅट टाकून दोन्ही बाजूंना दोन-दोन प्लेटा आडव्या रचायच्या आणि त्यावर रॉडच्या प्लेटा टेकवायच्या. रॉड नडगीच्या साधारण मध्यावर यायला हवा. आमच्याकडे रचलेल्या दोन प्लेटांची जाडी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास भरली, म्हणजे हिशोब बसला. रचलेल्या प्लेटा घसरत नाहीत ना, एवढं आधी पायाने ढकलून बघा.

दुसरी चूक: रॉड अंगापासून सुटतो

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारे तुम्ही पाहिले असतील. काठी अंगालगत आणि सरळ आहे तोवर माणूस चालतो, ती जरा कलली की चेहरा बदलतो. काठीचं वजन तेवढंच असतं, पण ते अंगापासून लांब गेलेलं असतं.

डेडलिफ्टचं ढोबळ गणित असं. उचलायच्या सुरुवातीला कमरेपासून रॉडपर्यंतचं आडवं अंतर ३५ सेंटिमीटर धरा. रॉड पुढे सरकून ते ४२ झालं, तर ६० किलो कमरेला ७२ किलोसारखे लागतात. आमचा गडी नडगी खरचटू नये म्हणून रॉड मुद्दाम पुढे ठेवत होता. त्याला लांब मोजे घालायला सांगितले आणि रॉड पावलाच्या मध्यावर, नाडीच्या गाठीच्या वर ठेवला. रॉड हलायच्या आधी काखा घट्ट आवळायच्या, जणू काखेत वर्तमानपत्र धरलंय आणि ते पडू द्यायचं नाही. झटका मारून उचलू नका. रॉड आणि प्लेटमधली ढिलाई आधी ओढून घ्या, 'टक्' असा आवाज येतो, मग पायांनी जमीन खाली ढकला.

श्वासाबद्दल थोडक्यात. उचलायच्या आधी पोटात श्वास घ्या आणि कुणी बुक्की मारणार असल्यासारखं पोट चारी बाजूंनी कडक करा. वर आल्यावर श्वास सोडा, पुढच्या रेपला नवीन घ्या. ब्लडप्रेशर असेल तर श्वास कोंडून धरू नका, उचलताना हळूहळू सोडा. बेल्टलाही हेच कडक पोट लागतं. ते जमत नसेल तर बेल्ट नुसता चामड्याचा पट्टा आहे.

तिसरी चूक: स्क्वॉटमधून वर येताना बूड आधी उठतं

स्क्वॉटचा दोष समोरच्या आरशात दिसत नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर, दोनेक मीटर लांब, बाजूने लावा आणि शेवटचे दोन रेप बघा. याच्या व्हिडिओत पहिले तीन रेप चांगले होते. चौथ्यापासून बूड झपकन वर येत होतं, छाती मागे खालीच राहत होती, आणि मग उरलेलं सगळं वजन कंबर एकटी सरळ करत होती. मांड्या दमल्या की शरीर आपसूक पाठीकडून काम काढून घेतं. त्याला वाटायचं स्क्वॉट जमतोय, कारण वजन वर जात होतं.

दुसरी गोष्ट खालच्या टोकाला दिसली. मांडी जमिनीला समांतर व्हायच्या वीतभर आधी त्याचं माकडहाड आत वळत होतं. याला घोटा कारण असू शकतो. भिंतीपासून चार-पाच इंच मागे पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. गुडघा पोचत नसेल तर घोटा आखडलेला आहे. घोटा सुटेपर्यंत टाचेखाली पातळ, पक्की फळी ठेवा आणि जिथे माकडहाड वळतं त्याच्या जरा वर बेंच ठेवून तिथपर्यंतच जा. बेंचवर आदळू नका, नुसतं टेका. धावायचे गुबगुबीत बूट स्क्वॉटला नकोत. सपाट कॅनव्हासचे बूट चालतात.

वजन किती उतरवायचं

इथे दोन टोकं दिसतात. एक जण पंधरा दिवस पडून राहतो आणि परत येऊन थेट ८० किलो लावतो. दुसरा पेनकिलर खाऊन तेच वजन ओढत राहतो. गोळी खाऊन उचललं तर दुखणं किती आहे हेच कळत नाही, आणि आपल्याकडे मोजमाप तर तेवढंच आहे.

दुखणं ० ते १० मध्ये मोजा. उचलताना ३ पर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळी आदल्या सकाळइतकंच किंवा कमी असलं, तर चालतं. आमची सकाळची परीक्षा नाडीची होती, बूट घालताना किती कळ येते ते मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं.

पहिले चार दिवस त्याने उचलणं बंद ठेवलं, पण पडून राहिला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चालला. मग काठी घेतली. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकवून कमरेतून न वाकता बूड मागे न्यायचं. तिन्हीपैकी एक जागा सुटली की तो रेप मोजायचा नाही. हे दोन दिवस.

डेडलिफ्ट ४० किलोवर आणलं, म्हणजे आधीच्या निम्मं. प्लेटांवर रचून, आठ रेपचे तीन सेट, आठवड्यातून एकदा, तेही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. गठ्ठे उचलणं हाही कमरेचा सेटच आहे, वहीत लिहीत नाही म्हणून तो वगळला जात नाही. स्क्वॉट आठवड्याच्या मध्यावर. रॉड बाजूला ठेवून छातीशी १२ किलोचा डंबेल धरायचा, तीन मोजत खाली, बेंचला टेकून वर.

दुसऱ्या आठवड्यात डेडलिफ्ट ४५, तिसऱ्या आठवड्यात ५०. दुखणं १-२ च्या पुढे गेलं नाही. चौथ्या आठवड्यात ५५ लावल्यावर उचलताना काहीच झालं नाही, पण दुसऱ्या सकाळी नाडीला ४. आपली फसगत इथेच होते, कारण जिममधून माणूस खूश होऊन निघालेला असतो. आम्ही पुन्हा ५० वर आलो, सेट तीनाचे दोन केले आणि दोन आठवडे तिथेच थांबलो. त्यानंतर ५५ गेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वजन वाढवलं तर सेट तेच आणि रॉडची उंचीही तीच. नाहीतर दुखल्यावर कशाने दुखलं ते सापडत नाही. चार आठवडे असं करूनही सकाळचा आकडा हलतच नसेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

स्क्वॉटचा रॉड त्याने सहाव्या आठवड्यात पुन्हा खांद्यावर घेतला, रिकामा २० किलोचा. नियम एवढाच ठेवला की बूड आधी उठलं की तो सेट तिथेच संपला, मग पाचातले तीनच झाले असले तरी. त्या नियमाने ४० किलोवर तो तीन आठवडे अडकला आणि वैतागला. "सर, आधी तर ६० मारत होतो की." जुना व्हिडिओ काढून दाखवला, तेव्हा शेवटचे दोन रेप बघून त्यालाच हसू आलं.

तेराव्या आठवड्यात डेडलिफ्ट ८० ला परत पोचलं, या वेळी पाच रेपचे दोनच सेट आणि दुसऱ्या सकाळी नाडीला ०. उंचीसाठी रचलेल्या प्लेटांपैकी आता एक-एक काढलीय. दुसरीही काढायची का, असं त्याने विचारलं. मांडीमागच्या शिरा अजून सुटलेल्या नाहीत आणि स्पर्धेत उतरायचं नाही, मग ती तिथेच राहू दे म्हटलं.