टर्नडाउनची फेरी : या चुका टाळा

टर्नडाउन म्हणजे संध्याकाळी हॉटेलची खोली पाहुण्याच्या झोपेसाठी तयार करून ठेवणे. त्यातली सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे खोल्या क्रमाने घेणे. अटेंडंट सहाला ट्रॉली बाहेर काढतो आणि मजल्याच्या पहिल्या दारापासून सुरुवात करतो. त्या वेळी पाहुणे बाहेरून परतलेले असतात. कोणी आंघोळीला गेलेला, कोणी कपडे बदलत असलेला. आतून "नंतर या" ऐकू येतं, कागदावर "नकार" लिहिला जातो. आठ वाजता तीच खोली रिकामी असते, पण तिच्याकडे कोणी वळत नाही.

समजा, एका अटेंडंटकडे 20 खोल्या आहेत आणि सहा ते नऊ एवढा वेळ. एका खोलीला साधारण 7 मिनिटं धरली तर 140 मिनिटं लागतात. म्हणजे 40 मिनिटं हाताशी उरतात, अडचण क्रमाची आहे. निघण्याआधी फ्रंट ऑफिसकडून उशिरा येणाऱ्यांची यादी घ्या, रेस्टॉरंटकडून रात्रीच्या जेवणाची बुकिंगं. समजा उशिरा येणारे 4 निघाले, तर त्या खोल्या सहालाच उरकून घ्या. बुकिंग नसलेल्या 5 खोल्यांचं दार त्यानंतर वाजवा. साडेसातच्या बुकिंगच्या 9 खोल्या पावणेआठला सुरू करा, नऊच्या आत होतात. उरल्या 2, दारावर डीएनडी, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी लटकलेल्या. त्यांचं दार वाजवायचं नाही, फोनही नाही. 'सेवा हवी असल्यास कळवा' असं कार्ड दाराखालून सरकवा आणि वेळ टिपून ठेवा. ज्यांनी "नंतर या" म्हटलं, त्यांना तिथल्या तिथे वेळ विचारा. उरलेली 40 मिनिटं त्यांच्यासाठीच आहेत.

खोलीत शिरल्यावरची नेहमीची चूक पलंगापाशी होते. एकटा पाहुणा असूनही दोन्ही बाजू उघडल्या जातात. सकाळी कोणती उशी दबलेली होती ते बघा. ते माहीत नसेल तर फोनजवळची बाजू उघडा. ड्यूवेचा, म्हणजे जाड पांघरुणाचा, कोपरा दुमडा, चप्पल आणि पायपुसणी त्याच बाजूला ठेवा. पलंगभर कागद किंवा कपडे पसरलेले असतील तर हात लावू नका. बाकीची कामं करा आणि पलंग का सोडला ते कार्डावर लिहून ठेवा.

वस्तूंच्या बाबतीत हात आखडताच बरा. पिण्याचं पाणी आणि धुतलेले ग्लास पलंगाशेजारी, वापरलेल्या टॉवेलच्या जागी नवे, रिकामी कचरापेटी आणि दाराला अडकवायचं नाश्त्याचं कार्ड, एवढं पुरतं. चॉकलेट उशीवर ठेवायची पद्धत मला कधीच पटली नाही. पाहुणा अंधारात येऊन आडवा झाला की सकाळी अभ्र्यावर डाग दिसतो. ते पाण्याशेजारी बशीत ठेवा.

पडदे पूर्ण ओढा, मधली फट बंद झाली का ते दिवा मालवून बघा. मग बेडसाइडचा एकच दिवा लावून बाहेर पडा. सगळे दिवे पेटवून गेलात, तर झोपेला आलेल्या माणसाला खोलीभर बटणं शोधत फिरावं लागतं.