जीआरएन पेंडिंग दिसतोय? आधी चलनावरचा पीओ नंबर वाचा

महिनाअखेरीला खरेदी विभागाची पेंडिंग यादी येते आणि स्टोअरवाले छातीठोकपणे सांगतात, "माल कधीच आत घेतलाय." बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं. माल आलेला असतो, पण माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, भलत्याच पीओवर, म्हणजे दुसऱ्याच खरेदी ऑर्डरवर पडलेली असते.

याचं मूळ एकच: "जुनी ऑर्डर आधी संपवू" ही घाई. चाकणच्या एका कारखान्यात एकाच ब्रॅकेटचे दोन पीओ उघडे होते. जुन्यावर १५० नग बाकी, दर ११८ रुपये. नवा ३०० नगांचा, दर १२६. पुरवठादाराने ३०० नग पाठवले, चलनावर नव्या पीओचा नंबर ठळक छापलेला. इनवर्डच्या नव्या मुलाला यादीत जुना पीओ वर दिसला, म्हणून त्याने १५० नग त्याच्यावर चढवले आणि उरलेले नव्यावर.

बिल ३०० नगांचं, ३७,८०० रुपयांचं आलं. नव्या पीओवर जीआरएन फक्त १५० चा, म्हणून अकाउंट्सने बिल अडवलं. खरेदीवाला "उरलेले १५० कधी देताय?" असे फोन करत राहिला. मग जुन्या ऑर्डरचे खरे १५० नग घेऊन टेम्पो गेटवर आला, तर सिस्टिममध्ये ती ऑर्डर पूर्ण! जास्त माल घ्यायची सूट पीओत नव्हती, त्यामुळे जीआरएन होईना आणि टेम्पो दिवसभर उभा.

अशा वेळी सगळं उलटवायची गरज नसते. SAP मध्ये माल आत घ्यायच्या MIGO स्क्रीनवर मूळ मटेरियल डॉक्युमेंट उघडून फक्त जुन्या पीओची ओळ 102 या मूव्हमेंट टाइपने रद्द करायची आणि तेच १५० नग 101 ने नव्या पीओवर घ्यायचे. मात्र तोवर माल लाइनवर वापरला गेला, तर स्टॉक नाही म्हणून सिस्टिम रद्द करू देत नाही. म्हणून हे त्याच दिवशी उरका.

माझी सवय सांगतो. चलन हातात आलं की पीओ नंबर आणि त्यातला लाइन नंबर लाल पेनाने गोल करायचा. नंबर नसेल तर खरेदीवाल्याला फोन; अंदाजाने चढवणं मला अजिबात मान्य नाही. रोज सकाळी पीओंच्या ME2N रिपोर्टमध्ये WE101 हा निवड-कोड टाकून माल यायचा बाकी असलेल्या पीओंची उघडी यादी काढायची आणि गेट रजिस्टरशी ताडून बघायची. गाडी आत आल्याची नोंद आहे पण जीआरएन नाही, अशी चलनं तिथेच सापडतात.

बिलावरचा आकडा न मोजता चढवू नका. पीओ किलोत आणि चलन नगांत असेल तर वजनकाट्याची चिठ्ठी जोडा.

५०० पैकी ४९७ नग आले आणि उरलेले ३ येणारच नाहीत, हे पुरवठादाराने लेखी कळवलं असेल, तरच डिलिव्हरी कम्प्लीटेडची खूण करा. यादी छोटी दिसावी म्हणून ती खूण केली, की येणारा मालही उघड्या यादीतून गायब होतो आणि त्याचा पाठपुरावा कुणीच करत नाही.